पित्ताशयातला खडा आणि शेजारचा गॅस सोनोग्राफीत वेगळे कसे ओळखतात?

"रिपोर्टमध्ये खड्यामागे सावली दिसते असं लिहिलंय. सावली म्हणजे काय, आणि तो गॅस नाही हे कशावरून ठरवतात?"

मी रोज सोनोग्राफी करते म्हणून सांगते, सावली म्हणजे तिथे काही वाढलंय असं नाही, तिथून मशीनला काही परतच आलेलं नाही. खडा कडक, आवाजाची लाट त्यावर आपटली की बरीचशी मागे फिरते आणि उरलेली खडाच शोषून घेतो, मग पलीकडे पोचणार काय? म्हणून स्क्रीनवर पांढरी कमान आणि तिच्याखाली तळापर्यंत काळाकुट्ट पट्टा, कडा रेखीव.

गॅसचं वेगळं. त्याच्यावरून जवळजवळ सगळाच आवाज परत येतो, पोटावर फिरवतो त्या प्रोबच्या तोंडावर आपटून पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो. मशीनला वाटतं जे उशिरा आलं ते खोलवरून आलं, त्यामुळे ते सारख्या अंतरावर खोट्या रेघा काढत जातं आणि सावली काळी न राहता धुरकट, राखाडी होते. आम्ही तिला डर्टी शॅडो म्हणतो.

आता पित्ताशयाची गंमत अशी की आत पित्त, म्हणजे पाण्यासारखंच. पाणी आवाज फारसा खात नाही, पण मशीन वाटेत मांसच आहे असं धरून खोलवरचा प्रत्येक सिग्नल वाढवत असतं, त्यामुळे पित्ताशयाच्या मागचा भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. लिव्हर-किडनीतली पाण्याची गाठही आम्ही याच उजळपणावरून ओळखतो, कडा पातळ आणि आत काळं आहे ना तेही बघतो, कारण पू भरलेल्या गाठीमागेही असा उजळपणा येऊ शकतो. खड्याची सावली त्या उजळ पट्ट्याला मधोमध कापत जाते, म्हणून इथे ती इतकी ठसठशीत दिसते.

फसायला होतं ते मागच्या भिंतीपाशी, कारण लहान आतड्याचा पहिला भाग तिथे चिकटून असतो आणि त्यातला गॅस हुबेहूब खड्यासारखा चमकतो. अशा वेळी मी पेशंटला डाव्या कुशीवर वळवते. खडा घरंगळून नवीन जागी जातो आणि सावलीही सोबत नेतो. गॅस मात्र बघता बघता आकार बदलतो, आणि प्रोब नव्वद अंश फिरवला की तो भिंतीच्या बाहेर आहे हे कळतं. चमकणारा ठिपका भिंतीला चिकटून जागचा हलत नाही आणि सावलीही नाही, तर पॉलिपचा, म्हणजे भिंतीतूनच आत वाढलेल्या कोंबाचा, विचार करते.

दोन-तीन मिलिमीटरचा खडा सावली पाडेलच असं नाही, कारण आवाजाचा झोत त्याच्यापेक्षा रुंद असला की बाजूने निसटून मागचं सगळं उजळून टाकतो. मग फोकस नेमका खड्याच्या खोलीवर आणायचा, जमेल तेवढी फ्रिक्वेन्सी वाढवायची आणि कंपाउंड इमेजिंग बंद करायचं. कंपाउंडमध्ये मशीन वेगवेगळ्या कोनांतून बघून चित्र एकत्र करतं, चित्र छान गुळगुळीत येतं पण सावली पुसट होते. ते बटण बंद केल्यावर आधी नसलेली सावली उमटलेली मी कितीतरी वेळा बघितलीये.