बटणाच्या फोनवर बँकेतली शिल्लक

प्रश्न: राधानगरीत वडिलांकडे बटणाचा फोन आहे, नेट नाही. उसाचं बिल जमा झालं का, ते फोनवर कळेल का?

हो, कळेल. बँकेत नोंदवलेल्या सिमवरून हा कोड डायल करा:

```
*99#
```

पहिल्या वेळी बँकेच्या आयएफएससीची पहिली चार अक्षरं द्या, खातं निवडा आणि डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे व मुदत टाकून यूपीआय पिन ठरवा. पुढे मेनूत ३ दाबून पिन दिला की शिल्लक दिसते. १ दाबून पैसेही पाठवता येतात, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत.

अशा कोडवर चालणाऱ्या यूएसएसडी सेवेला नेट लागत नाही, कारण हा संवाद टॉवरच्या सिग्नलिंग मार्गानं चालतो. पण एसएमएससारखा तो साठून राहत नाही. उत्तर द्यायला उशीर झाला किंवा रेंज गेली की सत्र तुटतं आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. पैसे पाठवताना पिन दिल्यावर तुटलं, तर मात्र लगेच परत पाठवू नका. आधी शिल्लक बघा, नाहीतर रक्कम दोनदा जाईल.

बँक या सेवेत असायला हवी, एवढं शाखेत विचारून घ्या. पिन वडिलांनी स्वतःच दाबावा, दुकानदाराकडून नको.