‘सुमारे’, ‘अंदाजे’ आणि बायोडाटातले आकडे

प्रश्न : नागपूरला वाडीतल्या एका गोदामात मी दोन वर्षे डिस्पॅचचे काम पाहत होते. रोज चाळीसेक बिल्ट्या निघत, महिनाअखेरीला साठेक, मंदीच्या दिवशी वीस-तीस. गाडी भरायला आधी तीन-साडेतीन तास लागायचे, माल लावण्याचा क्रम बदलल्यावर दोन-अडीच लागू लागले. नोंदी तिथेच राहिल्या. बायोडाटात हे लिहिताना ‘सुमारे’, ‘अंदाजे’, ‘जवळपास’, ‘किमान’ यांतला कोणता शब्द वापरावा? मुलाखतीत कोणी खोलात विचारले तर सांगता आले पाहिजे.

उत्तर : बोलताना आपण ‘सुमारे’ आणि ‘अंदाजे’ एकमेकांच्या जागी सहज वापरतो, आणि नागपूरच्या बोलण्यात तर त्यांच्या जोडीला ‘लगभग’ही येऊन बसतो. तरीही लेखनात या दोन शब्दांतला भेद पाळावा, असे माझे मत आहे. ‘सुमारे’ हा शब्द आकडा गोल केला आहे एवढेच सांगतो. वहीत १,०४३ ही नोंद समोर दिसत असतानाही ‘सुमारे १,०००’ असे लिहिता येते. ‘अंदाजे’ हा शब्द मात्र आकड्याचे मूळ सांगतो : हा आकडा मोजलेला नाही, काही आधार घेऊन काढलेला आहे. आपल्याजवळ नोंदी नाहीत, म्हणून आपल्यासाठी प्रामाणिक शब्द ‘अंदाजे’ हाच आहे. मुलाखत घेणाऱ्याने नोंद मागितली, तर ती नसल्याचे आपण आधीच लिहून ठेवलेले असेल.

याच भेदामुळे ‘सुमारे ९०० ते १,२००’ ही रचना मला खटकते. आकडा थोडा अलीकडे-पलीकडे असू शकतो ही गोष्ट ‘ते’ने एकदा सांगून झालेली असते आणि ‘सुमारे’ तीच पुन्हा सांगतो. ‘अंदाजे ९०० ते १,२००’ या रचनेत तसे होत नाही, कारण पहिला शब्द आकडा कुठून आला ते सांगतो आणि पुढची मर्यादा तो किती सैल आहे ते सांगते.

आता ही मर्यादा कशी काढायची ते पाहू, कारण मुलाखतीत शब्दाचा कस तिथे लागतो. आठवड्याला एक सुट्टी धरली तर महिन्यात सव्वीस दिवस कामाचे होतात. त्यांतले पाच दिवस महिनाअखेरीच्या घाईचे, पंधरा नेहमीचे आणि सहा मंदीचे धरले, तर साठच्या हिशेबाने ३००, चाळीसच्या हिशेबाने ६०० आणि पंचवीसच्या हिशेबाने १५०, अशा एकूण १,०५० बिल्ट्या होतात. परंतु ‘साठेक’ आणि ‘चाळीसेक’ यांतील ‘-एक’ हा प्रत्यय स्वतःच सैल आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी पाच-पाच सोडून हिशेब पुन्हा करावा लागतो. घाईचे दिवस ५५, नेहमीचे ३५ आणि मंदीचे २० धरले, तर बेरीज ९२० येते. ६५, ४५ आणि ३० धरले, तर १,१८० येते. या दोन टोकांना शेवटी, आणि शेवटीच, गोल करून ‘अंदाजे ९०० ते १,२००’ असे लिहावे. मधला १,०५० हा आकडा लिहू नये. त्यातली पन्नास वाचणाऱ्याला मोजणीतून आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती केवळ आपल्या गुणाकारातून आलेली असते.

दिवसांची अशी फोड करण्यामागे एक कारण आहे. माणसाच्या लक्षात घाईचे दिवस राहतात. महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत थांबून साठ बिल्ट्या काढल्याचे स्पष्ट आठवते, रिकामी दुपार मात्र आठवत नाही. त्यामुळे कोणी एकदम विचारले, तर तोंडून ‘रोज पन्नासेक’ असे निघून जाते, आणि सव्वीसने गुणल्यावर त्याचे १,३०० होतात, म्हणजे आपल्याच वरच्या टोकापलीकडचा आकडा होतो. म्हणून दुसऱ्या एखाद्या वाटेने तोच आकडा ताडून पाहणे आवश्यक आहे. बिल्टीचे पुस्तक शंभरांचे असेल आणि महिन्याला दहा-अकरा पुस्तके संपत असतील, तर रद्द झालेल्या बिल्ट्या वजा जाता हजाराच्या आसपासचाच आकडा मिळतो आणि आपला अंदाज टिकतो. सहाच पुस्तके लागत असल्याचे आठवत असेल, तर ‘नेहमीचा दिवस’ म्हणून आपण घाईचाच दिवस धरला आहे असे समजावे आणि हिशेब मुळापासून करावा. बिल्ट्या संगणकावर निघत असतील, तर दोन महिन्यांच्या पहिल्या बिल्टीचे क्रमांक आठवले तरी हेच काम होते. जुन्या कंपनीतून नोंदींच्या प्रती मागवण्याच्या फंदात मात्र पडू नये. नव्या ठिकाणी त्या दाखवल्या, तर तिथल्या नोंदीही आपण उद्या बाहेर नेऊ असाच त्याचा अर्थ घेतला जाईल.

‘जवळजवळ’ हा शब्द इथे वापरू नये, कारण तो एकाच बाजूला झुकलेला आहे. ‘जवळजवळ १,०००’ म्हटले की हजार गाठले नाहीत, थोडे राहिले, असा बोध होतो. ‘जवळपास’ तितका एकांगी नाही, पण पुष्कळ वाचक तोही तसाच वाचतात. ‘हजाराच्या घरात’ ही रचना बोलताना शोभून दिसते, मात्र तिच्या भिंती कुठे आहेत ते कोणीच सांगू शकत नाही. ‘-एक’ हा प्रत्ययही बोलण्यासाठीच ठेवावा. ‘हजारेक’ अक्षरांत बरा दिसतो, आकड्यापुढे तो लावता येत नाही.

जोडसंख्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी. ‘वीस-तीस’ किंवा ‘दहा-अकरा’ ही खरी मर्यादा आहे, तिची दोन्ही टोके मोजता येतात. ‘दोन-चार’ आणि ‘पाच-पन्नास’ या जोड्या मात्र संख्या सांगत नाहीत. पहिलीचा अर्थ थोडे, दुसरीचा अर्थ बरेच. ‘पाच-पन्नास ग्राहक सांभाळले’ असे लिहिणाऱ्याला पाच की पन्नास असे कोणी विचारले, तर त्याच्याजवळ उत्तर नसते. दोन संख्यांमध्ये ‘ते’ घालून पाहावे. ‘पाच ते पन्नास’ असे म्हटल्यावर हसू आले, तर ती जोडी बायोडाटात लिहू नये.

‘किमान’ आणि ‘हून अधिक’ हे शब्द सर्वांत जास्त खात्रीचे आहेत, पण ते खालच्या टोकालाच लावायचे असतात. दोन वर्षांचा एकूण आकडा लिहायचा असेल, तर आपल्या रजा मिळून एक महिना वगळावा, उरलेल्या तेवीस महिन्यांना ९०० ने गुणावे, म्हणजे २०,७०० येतात. म्हणून ‘२०,००० हून अधिक बिल्ट्या’ हे विधान आपल्या स्वतःच्या सर्वांत पडत्या हिशेबानेही खरे ठरते. ‘२४,००० हून अधिक’ असे लिहिले, तर मधल्या अंदाजाला तळाचा शब्द चिकटवल्यासारखे होईल. तो आकडा खराही असेल, पण तसे म्हणण्याचा आधार आपल्याजवळ नाही. क्रियापदही तितकेच जपून निवडावे. बिल्ट्या कारकुनाने बनवल्या आणि आपण तपासल्या असतील, तर ‘बनवल्या’ असे न लिहिता ‘माझ्या देखरेखीखाली निघाल्या’ असे लिहावे.

गाडी भरण्याच्या वेळेबाबत मात्र टक्केवारी टाळावी, असा माझा आग्रह आहे. तीन-साडेतीनच्या मध्यावर सव्वातीन तास येतात आणि दोन-अडीचच्या मध्यावर सव्वादोन. एवढ्यावरून काढल्यास घट ३१ टक्के येते, आणि ‘वेळ ३० टक्क्यांनी कमी केला’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु टोके धरून पाहा. तीन तासांवरून अडीच झाले असतील, तर घट जेमतेम १७ टक्क्यांची आहे. साडेतीनवरून दोन झाले असतील, तर ती ४३ टक्के आहे. दोन सैल आकडे एकमेकांतून वजा केले की त्यांचा सैलपणा वजा होत नाही, उलट त्यांच्या फरकात तो एकवटतो. त्यापेक्षा ‘गाडी भरण्याचा वेळ तीन-साडेतीन तासांवरून दोन-अडीच तासांवर आला’ हे वाक्य अधिक माहिती देते आणि त्यातला प्रत्येक शब्द आपल्याला डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून सांगता येतो. आपल्या भाषेत अडीच, साडेतीन, पावणेतीन असे अपूर्णांक तयार असल्यामुळे अचूकतेची पायरीही आपोआप कळते : ‘साडे’ म्हणणाऱ्याने अर्ध्या तासापर्यंत पाहिलेले असते, ‘पावणे’ म्हणणाऱ्याने पाव तासापर्यंत. सव्वादोन हा आकडा आपण पाहिलेला नाही, तो केवळ सरासरीतून आला आहे, म्हणून तो लिहू नये.

या धंद्यातला माणूस समोर असेल, तर तो शब्दांवर प्रश्न विचारणार नाही. तो विचारेल की दिवसाला गाड्या किती आणि एका वेळी किती लागत. समजा रोज सहा गाड्या होत्या आणि एका वेळी दोन लागत. चाळीस बिल्ट्या सहा गाड्यांत म्हणजे गाडीमागे सहा-सात, हे पार्ट लोडच्या कामात पटण्यासारखे आहे. दोन-दोन गाड्यांच्या तीन पाळ्या होतात. सकाळी दहाला सुरुवात धरली, तर पूर्वी शेवटची गाडी रात्री आठच्या सुमारास निघायला हवी आणि नंतर संध्याकाळी पाचच्या सुमारास. घरी जाण्याची वेळ कोणी विसरत नाही, त्यामुळे हा पडताळा पुस्तकांच्या हिशेबाहूनही पक्का आहे. आपल्या आठवणीत या दोन वेळा अशाच असतील, तर मुलाखतीत एवढे सांगावे : “नेमकी नोंद माझ्याजवळ नाही. रोजच्या बिल्ट्यांवरून महिन्याचा अंदाज काढला आहे, आणि शेवटची गाडी निघण्याच्या वेळेवरून भरण्याचा वेळ ताडून पाहिला आहे. सणासुदीचे महिने यात वेगळे धरलेले नाहीत.” बदलानंतरही शेवटची गाडी सातलाच निघत असल्याचे आठवत असेल, तर एक तर गाड्या वाढल्या असतील किंवा दोन-अडीच तास हे एखाद-दुसऱ्या चांगल्या दिवसाचे असतील. गाड्या वाढल्याचे आठवत नसेल, तर तासांचा उल्लेख वगळावा आणि ‘माल लावण्याचा क्रम बदलला’ एवढेच लिहावे.