कलम पाठ असूनही प्रसंगाच्या प्रश्नात दोन पर्यायांत अडकायला होतं

प्रश्न : मडगावात राहून एआयबीई या वकिलीच्या परीक्षेची तयारी करतोय. कलमं पाठ आहेत. पण प्रसंग देऊन विचारलं की शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी हमखास चुकीचाच निवडतो. नियम प्रसंगाला लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : कलम पाठ असणं आणि कलमातल्या अटी सुट्या करता येणं यांत फरक आहे. एकाच नियमावर नीट दाखवतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधली कलमं ४ आणि ५ घेऊ, कारण दोन पर्यायांत अडकवणारे प्रश्न काढायला ही जोडी फार सोयीची.

समजा प्रसंग असा आहे. म्हापशाचा सुरेश आपली जुनी व्हॅन ३ लाखांना विकायचा प्रस्ताव मडगावच्या दामोदरला पत्राने पाठवतो. पत्र ३ जूनला मिळतं. त्याच संध्याकाळी सुरेशला दुसरं गिऱ्हाईक साडेतीन लाख देऊ करतं, म्हणून तो प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र टपालात टाकतो. दामोदर ४ जूनला सकाळी होकाराचं पत्र टपालात टाकतो. सुरेशचं दुसरं पत्र त्याला ५ जूनला मिळतं आणि दामोदरचा होकार सुरेशला ६ जूनला. करार झाला का?

(अ) नाही, कारण होकार येण्याआधीच सुरेशने प्रस्ताव मागे घेतला होता.
(ब) हो, कारण प्रस्ताव मागे घेतल्याचं दामोदरला कळण्याआधीच त्याचा होकार टपालात पडला होता.
(क) नाही, कारण पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली आणि दोघांचं एकमत झालंच नाही.
(ड) हो, पण सुरेश बांधला गेला तो ६ जूनला होकार हातात पडल्यावर.

पर्यायांकडे बघण्याआधी कच्च्या कागदावर नियम अटींमध्ये मोडा. कलम ५ सांगतं की होकाराचं कळवणं *प्रस्तावकाविरुद्ध* पूर्ण होईपर्यंतच प्रस्ताव मागे घेता येतो. ते कधी पूर्ण होतं, हे कलम ४ सांगतं : होकार देणाऱ्याच्या हाताबाहेर जाईल अशा रीतीने तो रवाना झाला की. आणि मागे घेतल्याचं कळवणं? पाठवणाऱ्याविरुद्ध ते पत्र रवाना होताच पूर्ण होतं, पण ज्याला पाठवलं त्याच्याविरुद्ध, त्याला कळल्यावर. सगळी गोम या ‘कोणाविरुद्ध’ मध्ये आहे. पाठांतरात नेमके हेच शब्द गळतात आणि डोक्यात फक्त ‘टपालात टाकलं की पूर्ण’ एवढं उरतं.

आता तारखा एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढे तिचा परिणाम. ३ जून संध्याकाळ : मागे घेतल्याचं पत्र रवाना, दामोदरविरुद्ध परिणाम शून्य. ४ जून सकाळ : होकार रवाना, सुरेश बांधला गेला. ५ जून : मागे घेतल्याचं दामोदरला कळलं, पण उशिरा. ६ जून : होकार सुरेशला मिळाला, आता दामोदरही बांधला गेला. उत्तर (ब).

(अ) का फसवतो? ३ तारीख ४ तारखेच्या आधी येते, इतकं साधं कारण आहे. विद्यार्थी पत्र टाकल्याची तारीख पत्र टाकल्याच्या तारखेशी ताडून बघतो, नियम मात्र एकाची रवानगी दुसऱ्याच्या ‘कळण्याशी’ ताडायला सांगतो. (ड) त्याहून कपटी आहे. निकाल बरोबर, कारण चूक. ६ जूनला सुरेश नव्हे, दामोदर बांधला गेला. तुमच्याकडे उरणारे दोन पर्याय बहुधा याच जातीचे असणार. म्हणून प्रत्येक पर्याय ‘कारण’ या शब्दापाशी तोडा, आधी निकाल तपासा, मग कारण वेगळं तपासा. कारणात नियमाची अट आणि प्रसंगातली गोष्ट दोन्ही जुळायला हव्यात. (क) मधलं ‘एकमत’ ऐकायला भारदस्त आहे, पण कलम ४ ते विचारतच नाही. साडेतीन लाखांचं गिऱ्हाईकही तसंच. सुरेशचा लोभ बघून कोणाची बाजू घ्यावीशी वाटली, तर समजा की प्रश्नकर्त्याचा डाव साधला.

आता एकेक गोष्ट बदलून बघा, खरा सराव तिथे होतो. दामोदरने ४ तारखेला पत्र भाच्याकडे टाकायला दिलं, भाच्याने ते खिशातच ठेवलं आणि ५ तारखेला, सुरेशचं पत्र येऊन गेल्यावर, पेटीत टाकलं. आता करार नाही. भाच्याच्या खिशात असेपर्यंत पत्र दामोदरच्या हाताबाहेर गेलेलं नव्हतं, तो ते केव्हाही परत मागू शकत होता.

दुसरा बदल : मूळ प्रसंगातून सुरेशचं दुसरं पत्र काढून टाका. दामोदर ४ तारखेला होकार टपालात टाकतो आणि ५ तारखेला फोन करून सुरेशला सांगतो, ‘मला व्हॅन नको’. करार नाही, कारण दामोदरविरुद्ध होकार पूर्ण होणार होता तो ६ तारखेला, आणि त्याआधी कलम ५ प्रमाणे तो मागे घेता येतो. इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांतून शिकलेले इथे हटकून चुकतात. तिथल्या टपालाच्या नियमाने, जो १८१८ च्या ॲडम्स विरुद्ध लिंडसेल पासून चालत आलाय, पत्र टाकताच करार होतो आणि दोघंही एकदमच बांधले जातात. आपल्या कायद्यात दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत.

तिसरा बदल : होकार फोनवर दिला. मग हे टपालाचं गणित लागूच होत नाही. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधरीलाल पुरुषोत्तमदास या १९६५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फोनवर करार होतो तो होकार ऐकू येतो तिथे. दामोदर मडगावहून बोलला आणि सुरेशने म्हापशात ऐकलं, तर करार म्हापशात झाला. अशा प्रश्नात बहुधा ‘कुठे’ विचारलेलं असतं, म्हणून शेवटची ओळ आधी वाचा.

प्रसंगात नसलेलं काही आणू नका. ‘पत्र हरवलं असेल तर?’ हा विचार प्रश्नात तसं लिहिलं असेल तरच. आणि प्रश्नातच नियम छापून दिला असेल (प्रवेश परीक्षांत असतो), तर खऱ्या कायद्याशी जुळो न जुळो, तोच लावायचा.

आपल्या गोव्याच्या मुलांची एक खास खोड सांगतो. वारसाचा प्रश्न दिसला की अर्धी मिळकत जोडीदाराची, हे घरी ऐकलेलं गृहीत धरून उत्तर लिहायचं. प्रश्नातला माणूस नागपूरचा हिंदू असेल आणि घर त्याने स्वतःच्या कमाईचं घेतलं असेल, तर मृत्युपत्राने तो ते पूर्ण कोणालाही देऊ शकतो. गोव्याचा कायदा तिथे आणायचा नाही. प्रसंगात गोव्याचा उल्लेख आहे का, हे आधी शोधा.

परीक्षेत टिपा नसलेला बेअर ॲक्ट नेता येतो. १०० प्रश्न असतात आणि एका प्रश्नाला साधारण दोनच मिनिटं मिळतात. प्रत्येक कलम उघडून बघायला तेवढे पुरत नाहीत. पण या दोन कलमांसाठी पान उघडाच, आणि कलमांखालची उदाहरणं वाचा. होकाराचं पत्र पोचण्याच्या क्षणापर्यंत तो मागे घेता येतो, हे कलम ५ च्या उदाहरणातच लिहिलंय.