वाइल, डेन, ओबव्होल, डेसहाल्ब आणि क्रियापदाची जागा

प्रश्न : जर्मन भाषेत वाइल आणि डेन म्हणजे 'कारण', ओबव्होल म्हणजे 'जरी' आणि डेसहाल्ब म्हणजे 'म्हणून'; या चार शब्दांनंतर क्रियापद कुठे ठेवायचे?

वाइल आणि ओबव्होल यांच्यानंतर कर्त्यानुसार रूप बदललेले क्रियापद उपवाक्याच्या शेवटी जाते (वाइल इश क्रांक बिन), डेननंतर क्रम बदलत नाही (डेन इश बिन क्रांक), आणि डेसहाल्बनंतर क्रियापद लगेच येऊन कर्ता त्याच्या मागे जातो (डेसहाल्ब ब्लाइब इश त्सु हाउझे). याचे कारण असे की डेन केवळ दोन वाक्ये जोडतो, तर डेसहाल्ब हे क्रियाविशेषण असल्याने वाक्यातील पहिली जागा स्वतःच व्यापते आणि दुसरी जागा क्रियापदाचीच असते. शेवटी येणारे क्रियापद मराठी माणसाला सहज जमते. चूक होते ती 'म्हणून मी' या सवयीने 'डेसहाल्ब इश ब्लाइब' लिहिताना. बोलण्यात वाइलनंतरही डेनसारखा क्रम ऐकू येतो, मात्र परीक्षेत तो चूकच धरतात.