वाटीखालचं टेंगूळ आणि खो-खोचा सराव

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे, खो-खो खेळतो. दोन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली टणक टेंगूळ आलंय, दाबलं की कळवळतो. गाठ तर नसेल ना? खेळ बंद करू का?

उत्तर: मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही सांगताय ते बहुधा ऑसगुड-श्लाटर नावाचं, वाढीच्या वयातलं गुडघ्याचं दुखणं असावं. १९०३ साली ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं वर्णन केलं, म्हणून हे जोडनाव. तरी एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच.

मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, ती जागा या वयात पक्कं हाड नसते, वाढीची कूर्चा असते. उंची झपाट्याने वाढताना हाड आधी लांबतं, स्नायू मागे पडून ताठरतो. त्यात धावणं, उडी, उकिडवं बसून झटक्यात उठणं, म्हणजे अख्खा खो-खोच. दर वेळी त्याच जागी हिसका बसतो, ती सुजते आणि तिथे नवं हाड धरतं. ते तुमचं टेंगूळ.

खेळ सहसा पूर्ण बंद करावा लागत नाही. माझ्याकडे असाच एक तेरा वर्षांचा खो-खोपटू आला होता. पालथं झोपवून टाच मागे दुमडली तर ती पार्श्वभागापासून वीतभर लांबच राहायची, इतकी मांडी आखडलेली. आम्ही बेडूकउड्या आणि सूर मारणं थांबवलं, आठवड्याचे सहा दिवस सराव होता तो तीनवर आणला. नियम एकच ठेवला: दुखणं दहापैकी तीनपर्यंत असलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं तर चालेल, सकाळी जिना उतरताना दुखलं तर कालचा सराव जास्त झाला. खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंना रोज ताण, तीस सेकंद, तीनदा. दुखेपर्यंत ओढायचं नाही. त्याला पूर्ण सरावाला परतायला साधारण तीन महिने लागले. मध्ये एकदा स्पर्धेसाठी घाई केली आणि दोन आठवडे मागे गेला, हेही सांगून ठेवते.

वाढीची कूर्चा हाडात मिसळली की दुखणं बहुतेकांचं थांबतं. टेंगूळ मात्र राहू शकतं, आणि गुडघे टेकून बसताना काहींना पुढेही टोचतं. त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नको म्हणा.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पूर्ण गुडघ्याला सूज किंवा गुडघा अडकणं यातलं काही असेल तर थांबू नका. मुलगा लंगडतोय आणि टेंगूळ दाबून दुखत नाही, तर खुबा तपासायला सांगा. खुब्याचं दुखणं या वयात गुडघ्यात जाणवतं. आणि उडी मारताना ‘कट्’ होऊन पाय सरळ उचलताच येईना, तर त्याच दिवशी एक्स-रे.