ओठ बधिर, तरी दाढ काढताना दुखतं?

नागपुरात खालची पहिली दाढ काढताना पेशंट म्हणेल, "ओठ तर जड झाला, पण इकडून दुखून राह्यलं." लगेच ब्लॉकचं तेच इंजेक्शन पुन्हा देऊ नकोस. आधी पेशंटचं बोट कुठे जातंय ते बघ.

चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नर्व्हची पहिली शाखा कपाळाची, दुसरी गाल आणि वरच्या दातांची. इथे काम तिसरीचं, मँडिब्युलरचं. तिची इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह जबड्याच्या हाडात शिरून खालच्या दातांना जाते, आणि तिचाच मेंटल फाटा खालचा ओठ व हनुवटी बधिर करतो. शेजारची लिंग्वल जीभ आणि जिभेकडची हिरडी सांभाळते. पण दाढांची गालाकडची हिरडी लाँग बक्कलकडे असते. ती वरच वेगळी होते, म्हणून ब्लॉकमधून सुटते.

म्हणून प्रोबने दाढेच्या गालाकडच्या हिरडीला टोच. तिथेच दुखलं, तर शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या बाजूला सुमारे 0.3 मिली दे, मिनिटभर थांब आणि पुन्हा टोच. हिरडी बधिर, पण दाढ हलवताना आत खोल कळ येत असेल, तर उणीव ब्लॉकमध्येच आहे. ओठ बधिर झाला म्हणजे दाढेचा गर बधिर झालाच असं नसतं, सुजलेल्या दाढेत तर नाहीच.