निळू फुले आणि 'सिंहासन'मधला दिगू

प्रश्न: नटावर एकाच प्रकारच्या भूमिकेचा शिक्का का बसतो? आणि तो पुसतो कसा?

मुख्य कारण म्हणजे सोय. निळू फुले पडद्यावर आले की प्रेक्षकाला कळायचं, हा पाटील किंवा पुढारी बेरकी आहे. मग त्याचा दुष्टपणा पटवायला वेगळे प्रसंग लिहायची गरज उरत नाही. निर्माताही चाललेलं सोडून जोखीम कशाला घेईल?

जब्बार पटेलांचं उदाहरण बघा. 'सामना'मध्ये (१९७५) त्यांनी फुल्यांना साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील केलं. चारच वर्षांनी 'सिंहासन'मध्ये त्यांनाच पत्रकार दिगू टिपणीस दिला. इतके सत्तेचे खेळ रंगवलेला माणूस इथे ते खेळ नुसते बघतो, ऐकतो आणि आतून खचत जातो. ती रोखलेली नजर आणि बोलण्याआधीचा थांबा फुल्यांचाच, पण 'सामना'त त्याची भीती वाटते आणि इथे त्यात थकवा दिसतो. म्हणून शेवटचं त्याचं वेड्यासारखं हसणं अंगावर येतं. माझ्या मते खरी करामत निवडीची. ज्या दिग्दर्शकाने नटाला जवळून पाहिलंय, त्यालाच असं सुचतं.

शिक्का मात्र पुरता पुसला नाही. पुढेही त्यांच्याकडे खलनायकाच्याच भूमिका जास्त आल्या.